मालकांना लेखी कारण मागितले : लातूरमधील एका भाडेघराचा अनुभव

४ फेब्रुवारी २०२४, रविवार. घरमालक काका भाडे झाल्याची खात्री करायला नेहमीप्रमाणे आले, पाणी घेतले आणि जिन्याकडे वळता वळता म्हणाले, "ताई, यंदा करार वाढवायचा नाही. मार्चअखेर घर मोकळं करून द्या." मी कारण विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "कारण काय असायचं? नाही वाढवायचा." आणि ते खाली उतरून गेले. आतल्या खोलीत मुलगी भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करत होती. तिने सगळे ऐकले होते, हे तिच्या थांबलेल्या पेनावरून मला कळले.

आम्ही अहमदपूर तालुक्यातले. मुलगी बारावी आणि नीटची तयारी लातूरला करणार असे ठरल्यावर मी गावाकडच्या शाळेतली नोकरी सोडून तिच्यासोबत आले, आणि यजमान शेतीमुळे गावीच राहिले. दोन खोल्यांचे वरच्या मजल्यावरचे घर, भाडे ९,००० रुपये, अनामत ३०,००० रुपये. करार माझ्या नावावर होता आणि तो १ मे २०२३ ते ३१ मार्च २०२४ असा अकरा महिन्यांचा होता. बोर्डाची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती आणि नीट ५ मे रोजी होती. म्हणजे करार संपल्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी. घर बदलण्याची भीती नव्हती, लातूरमध्ये घरे मिळतात. भीती होती ती नेमक्या त्या पाच आठवड्यांची.

त्या रात्री झोप लागली नाही. आपले काय चुकले असेल, हाच विचार येत राहिला. भाडे एकदाही थकलेले नव्हते, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत खात्यावर जात होते. कारण माहीत नसले की माणूस स्वतःच कारणे रचत बसतो, आणि ती खऱ्या कारणापेक्षा जास्त छळतात.

दुसऱ्या दिवशी दिरांना फोन केला. ते ठामपणे म्हणाले, "वहिनी, घर सोडायचं नाही. कायदा भाडेकरूच्या बाजूनं असतो, कोर्टातून काढायला त्यांना वीस वर्षं लागतील." त्यांच्या मनात जुना काळ होता. मराठवाड्यात ३१ मार्च २००० पर्यंत घरभाड्याला हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा लागू होता. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. दिरांनी ऐकलेले खटले जुन्या भाडेकरूंचे होते. मी मात्र कपाटातून आपला करार काढला आणि पहिल्यांदाच तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मागच्या वर्षी अंगठा आणि फोटो देताना तो वाचायला हवा होता, हे मला तेव्हा जाणवले.

कराराच्या शीर्षकात "भाडेपट्टा" हा शब्दच नव्हता, "लिव्ह अँड लायसन्स" असे होते. मुदतवाढीबद्दल एकच वाक्य होते : मुदत संपल्यावर उभयतांच्या संमतीने नवीन करार करता येईल. आणखी एका कलमात लिहिले होते की परवानाधारकाने स्वतःच्या कुटुंबाव्यतिरिक्त कोणासही जागेत ठेवू नये आणि पेइंग गेस्ट म्हणून जागेचा वापर करू नये. हे कलम मी तेव्हा नुसते वाचून पुढे गेले. सगळा प्रश्न त्यातच होता हे महिन्याने कळले.

८ फेब्रुवारीला मी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या ओळखीच्या अनेक बायकांना ते माहीत नाही : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत विधी साहाय्य मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नसते. एक अर्ज भरला, त्यासोबत आधार कार्डाची आणि कराराची छायाप्रत जोडली. मूळ करारही सोबत ठेवला होता, तो दाखवावा लागला. दोन तास बाकावर बसल्यानंतर सोमवारी, १२ तारखेला या, असे सांगण्यात आले. खर्च झाला तो छायाप्रतींचा आणि रिक्षाचा.

१२ तारखेला ज्या वकील मॅडम भेटल्या त्यांनी करार शांतपणे वाचला आणि मला जे ऐकायचे नव्हते तेच आधी सांगितले. भाडेकरू आणि लिव्ह अँड लायसन्सचा परवानाधारक या कायद्यासमोर दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. भाडेकरूकडून जागा परत घ्यायची असेल तर मालकाला १९९९ च्या अधिनियमातल्या कलम १६ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे, उदाहरणार्थ स्वतःची खरीखुरी गरज किंवा परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, न्यायालयात सिद्ध करावे लागते. परवानाधारकाच्या बाबतीत मुदत संपणे हेच पुरेसे असते. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा परवाना संपला आणि जागा सोडली नाही, तर मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. माझ्या बाबतीत ती महिन्याला १८,००० रुपये झाली असती. त्या कार्यवाहीत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, ती आपोआप मिळत नाही.

"म्हणजे कारण देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही," मी म्हणाले.

"नाही. पण विचारण्याला कोणी बंदी केलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही हक्क म्हणून मागू नका, माहिती म्हणून मागा. लेखी मागा. तोंडी विचारलं की तोंडी टाळता येतं. कागद हातात आला की माणूस एकदा तरी विचार करतो."

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी या सगळ्या अनुभवात मला सर्वात उपयोगी पडली. नूतनीकरण न करण्याचे कारण आज सांगितले गेले नाही, तर तेच कारण पुढे अनामत परत देताना बाहेर येऊ शकते : भिंती खराब केल्या, मोटार जाळली, जास्त माणसे ठेवली. तेव्हा घर सोडून झालेले असते, किल्ली दिलेली असते आणि दाखवायला काही उरलेले नसते. लेखी कारण मागण्याचा खरा फायदा मुदतवाढ मिळण्यात नसून, आरोप असेलच तर तो आपण घरात असतानाच पुढे येण्यात आहे.

१३ तारखेला मी पत्र लिहिले. पहिला मसुदा दोन पानांचा झाला होता आणि त्यात माझे सगळे दुःख होते. मॅडमनी फोनवर ऐकून घेतले आणि निम्म्याहून अधिक काढायला लावले. "इतके नियमित भाडे देऊनही", "लेकराच्या परीक्षेच्या तोंडावर", "माणुसकी म्हणून" हे सगळे गेले. उरलेले पत्र एका पानाचे होते. त्यातला मुख्य भाग असा :

"दि. ४/२/२०२४ रोजी आपण सदर जागेच्या कराराची मुदत न वाढविण्याचा निर्णय मला तोंडी कळविला. कराराची मुदत दि. ३१/३/२०२४ रोजी संपते, याची मला जाणीव आहे व त्यानंतर आपल्या संमतीशिवाय जागेत राहण्याचा माझा हेतू नाही. तथापि, सदर निर्णयामागे माझ्या अथवा माझ्या कुटुंबाच्या वर्तनाबाबत, जागेच्या वापराबाबत, भाड्याबाबत किंवा जागेच्या स्थितीबाबत आपली काही तक्रार असल्यास ती कृपया हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत लेखी कळवावी, जेणेकरून मला त्याबाबत खुलासा करता येईल. तशी तक्रार नसल्यास तसेही कळवावे."

शेवटचे वाक्य मॅडमचे. त्याखाली दोन विनंत्या होत्या : अनामत कोणत्या तारखेला परत मिळेल ते कळवावे आणि घर सोडण्यापूर्वी दोघांनी मिळून जागेची पाहणी करावी. "माझ्या अधिकारांना बाधा न येता" हे शब्दही होते. मुदतीनंतर राहण्याचा हेतू नाही, हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला. वाटले की आपणच हार लिहून देत आहोत. पण त्याच वाक्यामुळे काकांना पत्र पूर्ण वाचावेसे वाटले, असे पुढे त्यांच्या मुलाच्या बोलण्यावरून दिसले. भाडेकरूचे पत्र आले म्हणजे घर बळकावण्याची तयारी सुरू झाली, अशी मालकांना धास्ती असते.

१४ तारखेला मुख्य टपाल कार्यालयातून रजिस्टर एडीने पत्र पाठवले, खर्च तीस-पस्तीस रुपये. पाठवण्यापूर्वी सही केलेल्या पत्राची छायाप्रत काढून तिच्यामागे टपालाची पावती चिकटवली. पोचपावतीच्या गुलाबी कार्डावर "करार मुदतवाढीबाबतचे दि. १३/२/२०२४ चे पत्र" असे लिहायला काउंटरवरच्या काकूंनी सुचवले, कारण नुसते कार्ड परत आले तर पाकिटात काय होते हे त्यावरून कळत नाही. पत्राचा फोटो मी काकांना व्हॉट्सअॅपवरही पाठवला, पण दुसऱ्या दिवशी. एकदम दोन्हीकडून पत्र आदळले असे त्यांना वाटू नये म्हणून.

मग वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नव्हते. जिन्यात काकांच्या सूनबाई भेटल्या की पूर्वी बोलायच्या, त्या आता मान खाली घालून जाऊ लागल्या. २१ फेब्रुवारीला मुलीला इंग्रजीच्या पेपरला सोडून परत आले, तर दाराच्या फटीत गुलाबी कार्ड होते. त्यावर काकांची सही आणि १६ फेब्रुवारी ही तारीख. माझे दहा दिवस २६ तारखेला संपत होते. ते संपले आणि काहीच आले नाही.

मॅडमनी आधीच बजावले होते की उत्तर न येणे म्हणजे करार वाढला, असा अर्थ होत नाही. म्हणून मी घर शोधायलाही सुरुवात केली होती. मार्चचे भाडे नेहमीप्रमाणे पाच तारखेच्या आत भरले. "अनामतीतून वळते करून घ्या" असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो आणि मलाही झाला होता. पण त्यामुळे जो माणूस आजवर थकबाकीदार नव्हता तो शेवटच्या महिन्यात थकबाकीदार होतो, आणि न सांगितलेल्या कारणाच्या जागी एक खरे कारण आयते मिळते.

२९ फेब्रुवारीला काकांचा फोन आला. आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होते. "ताई, घरच्यासारखं राहिलात आन् रजिस्टर पाठवलंत? चार लोकांत काय म्हणतील?" मी माफी मागितली नाही, पण त्यांना वाईट वाटले याचे मलाही वाईट वाटले, हे सांगितले. म्हणाले, "काका, तुम्ही कारण तोंडी सांगितलं असतं तर मी तोंडीच ऐकलं असतं. आता दोन ओळी लिहून द्या, माझ्या मनाचा घोर जाईल."

४ मार्चला त्यांचा मुलगा वहीचे एक पान घेऊन वर आला. त्यावर काकांच्या अक्षरात दोन मुद्दे होते. एक, "आपण कॉट बेसिसवर मुली ठेवल्या आहेत, हे करारात बसत नाही." दोन, "त्यामुळे बोअरची मोटार दिवसातून तीनदा चालवावी लागते."

मी ते पान तीनदा वाचले. लातूरमध्ये राहिलेल्यांना कॉट बेसिस म्हणजे काय हे सांगायला नको. ट्यूशनच्या भागात घर घेऊन त्यात पाच-सहा खाटा टाकायच्या आणि एकेका विद्यार्थ्याकडून महिन्याचे पैसे घ्यायचे, असा तो व्यवहार असतो, आणि मालकाला न सांगता तो केला की मालक चिडतात, ते योग्यच आहे. मी मात्र एकही खाट कोणाला दिलेली नव्हती.

मुलाला मी बसवले आणि विचारले, "दादा, तुम्हाला असं का वाटलं?" तो संकोचून म्हणाला, "आबा रोज संध्याकाळी खालून बघायचे. दारात सात-आठ जोड चपला असायच्या."

तेव्हा मला ते दार त्यांच्या नजरेतून दिसले. मुलीच्या तीन मैत्रिणी नोव्हेंबरपासून संध्याकाळी सहा ते नऊ आमच्याकडे प्रश्नसंच सोडवायला यायच्या. मुलीचे बूट, चपला, माझ्या दोन जोडी, यजमान आले की त्यांच्या वहाणा. शिवाय जानेवारीत माझी भाची आजारी पडली म्हणून तिला तिच्या वसतिगृहातून आणून दोन आठवडे ठेवले होते, आणि तिची गादी मी गच्चीवर उन्हात टाकत होते. खालून पाहणाऱ्याने दुसरा काय निष्कर्ष काढावा?

पाण्याचा मुद्दा निम्मा खरा होता. मोटार आम्ही जास्त चालवत होतो, कारण वरच्या टाकीचा फ्लोट नादुरुस्त होता आणि पाणी वाहून जायचे. मी ते डिसेंबरमध्ये सूनबाईंना सांगितले होते, काकांना नाही. लातूरकरांनी २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेले आहे. वाहून जाणाऱ्या पाण्याचा इथल्या माणसाला येणारा राग मी गैर मानत नाही. त्याबाबत चूक माझीच होती.

७ मार्चला मी खुलासा दिला, या वेळी हातोहात, आणि छायाप्रतीवर काकांकडून "मिळाले" अशी सही घेतली. खुलाशात विशेषणे नव्हती, जोडलेले कागद होते : तिघींपैकी दोघींच्या वसतिगृहाच्या चालू वर्षाच्या पावत्या, तिसरीच्या वडिलांच्या घराचे वीजबिल, भाचीला वसतिगृहातून नेल्याची आणि परत आणल्याची नोंद असलेल्या रजिस्टरच्या पानाचा फोटो. या सगळ्यांच्या पालकांची मी आधी परवानगी घेतली होती. आजारी नातेवाईक मुलीला दोन आठवडे ठेवणे मालकांना कळवायला हवे होते, हे मी स्वतःहून मान्य केले. फ्लोट बदलण्याचा ४५० रुपये खर्च मी केल्याचे लिहिले आणि पावती जोडली. शेवटी एकच विनंती केली : नूतनीकरण नको असेल तरी चालेल, पण ३१ मेपर्यंत मुदत द्यावी.

१० मार्चला, महाशिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते, काका आणि काकू दोघे वर आले. काकांनी घर फिरून पाहिले. आतल्या खोलीत एकच खाट आहे आणि तिच्यावर पुस्तकांचा ढीग आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेपर्यंत राहा. पुढं मात्र मला घर मोकळं हवंय." पुढचे कारणही त्यांनी त्या दिवशी न विचारता सांगितले : धाकट्या मुलाची बदली लातूरला होणार होती. तेच खरे पहिले कारण असावे की चपलांचा संशय आधी आला, हे मला आजही ठरवता येत नाही आणि ठरवण्याची गरजही वाटत नाही.

काकांना वाटत होते की दोन महिन्यांसाठी नवीन कागद कशाला. मला मात्र तो हवा होता. तोंडी मुदतवाढीवर राहणे म्हणजे करार संपलेला परवानाधारक म्हणून राहणे, आणि उद्या काही बिनसले तर दुप्पट दराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. शिवाय अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. ही शेवटची गोष्ट ऐकून काका तयार झाले. २८ मार्चला ऑनलाइन नोंदणी झाली. नोंदणी शुल्क १,००० रुपये, दस्त तयार करून अंगठ्याचे यंत्र घरी आणणाऱ्याचे १,२०० रुपये, मुद्रांक शुल्क त्या मानाने किरकोळ. सगळा खर्च मी दिला. भाडे ९,५०० झाले, तेही मान्य केले.

५ मे रोजी मुलीची नीट त्याच घरातून निघून झाली. आम्ही २४ मे रोजी घर सोडले. त्याआधी काकांच्या मुलासोबत दोन्ही खोल्या, नळ, बटणे आणि वरची टाकी पाहिली, मीटरवरचा आकडा लिहून दोघांनी सह्या केल्या आणि प्रत्येक भिंतीचा फोटो घेतला. रंगासाठी १,८०० रुपये कापायचे ठरले आणि उरलेले २८,२०० रुपये ३१ मे रोजी खात्यावर आले.

किल्ली देताना काकांनी मला एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही घर का सोडलं ते लिहून द्या. पुढं कोणी विचारलं तर माझ्याकडं असावं." मी लिहिले : "कराराची मुदत दि. ३१/५/२०२४ रोजी संपत असल्याने, मालकांशी कोणताही वाद नसताना, जागेचा ताबा आज दि. २४/५/२०२४ रोजी राजीखुशीने परत दिला." त्यांनी ते चष्मा लावून वाचले, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले.